चौदा तारखेचे त्र्याहत्तर रुपये

इरावती मॅडमनी मला बँकेत बोलावलं, तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले होते. कर्ज मंजूर झालं म्हणूनच बोलावलं असणार, असं मी धरून चालले होते. तो पुडा मी तसाच परत आणला आणि रागाच्या भरात वाटेतच चार पेढे खाल्ले.

कर्ज गाळ्यासाठी होतं. कुसगावला शरच्चंद्र काकांचा गाळा आहे, त्यात सात वर्षं माझी धुलाई चालते, त्याआधी घरूनच चालायची. लोणावळ्यातली हॉटेलं, बंगले, त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सगळं माझ्याकडे येतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येऊन मजा करून जातात आणि सोमवारी त्यांनी चादरींवर सांडलेलं सगळं आमच्या दारात येऊन पडतं. आठ बायका कामाला आहेत. गाळ्याला स्वतःची बोअर आहे आणि मागे वाळवणाला मोकळी जागा आहे. लोणावळ्यात या दोन गोष्टी एकत्र मिळणं म्हणजे किती नशीब, ते धुणाऱ्यालाच कळतं.

काकांना गाळा विकून मुलाकडे नाशिकला जायचं होतं. बंगल्यांचा धंदा करणारा एक माणूस पार्किंगसाठी रोख द्यायला तयार होता. पण काका मला म्हणाले होते, "रेणुका, पहिला हक्क तुझा. एकतीस मार्चपर्यंत बँकेचं मंजुरीपत्र दाखव. त्यापुढे मला थांबता येणार नाही." काका निवृत्त शिक्षक. तारीख दिली म्हणजे दिली.

आणि जानेवारीच्या बारा तारखेला इरावती मॅडमनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"तुमचं एक जुनं कर्ज चालू दिसतंय," त्या म्हणाल्या. "एक हजार नऊशे सेहेचाळीस रुपये थकीत. आणि नुसतं थकीत नाही, नऊ महिन्यांपासून थकीत. स्कोअर पार खाली आलाय."

"माझं कुठलंच कर्ज चालू नाही."

"मशीनसाठी घेतलेलं. फायनान्स कंपनीचं."

"ते मी गेल्या वर्षी फेडलं! मुदतीच्या आधी फेडलं! एकरकमी!"

मी इतक्या जोरात बोलले की पासबुक भरायला उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. मी काही चोरी केली नव्हती.

मॅडम शांत बाई आहेत. त्या म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण मंजुरी देणारे माझ्यावर नाही, या रिपोर्टवर विश्वास ठेवतात. हे दुरुस्त करून आणा, फाइल मी उघडी ठेवते."

त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. फुकटची जाहिरात कशाला करायची?

आता त्या कर्जाबद्दल सांगते. मोठं धुलाई यंत्र आणि कपडे पिळायचं हायड्रो घेण्यासाठी मी ते घेतलं होतं. सहकर्जदार म्हणून आबांची सही होती. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्ती ओव्हाळ. रेल्वेत चौतीस वर्षं फाटकावर गेटमन होते. मूळचे टाकवे बुद्रुकचे. आमच्या घरात पोथीपंचांग नाही, छप्पन सालापासून नाही. पण एक रीत आहे आणि ती आबांनी कधी मोडू दिली नाही. घरातलं मोठं काम चौदा एप्रिलला. माझं शाळेत नाव घालायला जूनपर्यंत थांबावं लागलं, तर पाटी-पेन्सिल तरी त्यांनी चौदा एप्रिलला घेतली होती. पहिला गॅस चौदा एप्रिलला आला. धुलाईचं पहिलं गाठोडं मी चौदा एप्रिललाच धुतलं. जयंतीच्या दिवशी, नवे कपडे घालून.

मग कर्जातून सुटायचं ते दुसऱ्या दिवशी कसं चालेल? एका हॉटेलाकडून वर्षाची आगाऊ रक्कम मिळाली, तसं मी तळेगावच्या शाखेत जाऊन कर्ज पूर्ण फेडण्याचं पत्र मागितलं. तिथल्या माणसाने विचारलं, कुठल्या तारखेपर्यंत काढू? मी म्हटलं, चौदा एप्रिल. त्याने काढून दिलं. 'एकूण देय रक्कम एक लाख एकावन्न हजार दोनशे शहाऐंशी. ही रक्कम १४ एप्रिलपर्यंत ग्राह्य.' खाली शिक्का.

चौदा एप्रिलला सोमवार होता. सकाळी टाकव्याच्या विहारात वंदना झाली, मिरवणूक निघायची होती. मी विहाराच्या पायरीवर बसून मोबाईलवरून पैसे पाठवले. अंगठ्याला इतकी नीळ लागली होती की फोन माझा अंगठाच ओळखेना, शेवटी आकडे टाइप करून उघडावा लागला. साडेअकराच्या सुमारास पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. आबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सुटलो गं पोरी." मग आम्ही दोघं मिरवणुकीत गेलो.

पुढे हप्ता जाणं बंद झालं. खातं मिटलं असंच मी समजले. 'थकबाकी नाही' असा दाखला घरपोच येईल म्हणाले होते, तो आला नाही. मी दोनदा फोन केला, ते दोनदा म्हणाले येईल. मग मे महिन्याचा सीझन सुरू झाला आणि मी विसरले. ही माझी चूक. दाखला हातात पडल्याशिवाय पाठ सोडायची नाही, आता कानाला खडा. आणि तो मेसेज असलेला फोन पुढे पावसाळ्यात चादरींबरोबर मशीनमध्ये गेला. हसू नका. धुलाईवाल्यांचे फोन असेच मरतात.

बँकेतून आल्या आल्या मी स्वतःचा पूर्ण रिपोर्ट काढला. त्याला आमच्याकडे सगळे सिबिलच म्हणतात. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हे मला इरावती मॅडमनी सांगितलं. रिपोर्टमध्ये माझी सगळी शहाण्यासारखी फेडलेली वर्षं हिरवी होती आणि गेल्या मेपासून पुढे एकेक घर लाल. तीस दिवस, साठ दिवस, नव्वदच्या वर. बघून डोक्यात तिडीक गेली. वीस वर्षं मी दुसऱ्यांचे डाग काढतेय आणि हा डाग माझ्या नावावर!

तेरा तारखेला रिपोर्टच्याच वेबसाइटवर तक्रार नोंदवली. पत्र जोडलं, बँकेचा उतारा जोडला. त्यांनी कळवलं, आम्ही स्वतः काही बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो, ती सांगेल तसं करू. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारायचं. बरं. तीन फेब्रुवारीला उत्तर आलं. कंपनी म्हणते, दिलेली माहिती बरोबर आहे. तक्रार बंद.

दुसऱ्याच दिवशी मी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार केली आणि आठवड्याने तिथल्या एका बाईचा फोन आला. आवाज मधाळ, जशी काय माझी चुलत बहीण.

"मॅडम, तुमचं पेमेंट पंधरा एप्रिलला मिळालंय. पत्र चौदापर्यंतच होतं ना? त्यामुळे एका दिवसाचं व्याज राहिलं. त्र्याहत्तर रुपये. त्यावर दंड, जीएसटी."

"पैसे मी चौदालाच पाठवले. उतारा बघा."

"पाठवले असतील. आमच्याकडे नोंद पंधराची आहे."

"नऊ महिने एक फोन करता आला नाही? त्र्याहत्तर रुपये मी तुमच्या तोंडावर..." मी जीभ आवरली. "मी देऊन टाकले असते."

"छोट्या रकमेसाठी आमच्याकडून फोन जात नाही मॅडम. आता असं करू या, दंड पूर्ण माफ. तुम्ही फक्त त्र्याहत्तर भरा, खातं आजच बंद करून टाकते."

खरं सांगते, त्या क्षणी माझं मन डगमगलं. त्र्याहत्तर रुपये! चादरीचे दोन जोड धुतले की निघतात. भरावे आणि मोकळं व्हावं. पण मी म्हटलं, विचारून सांगते, आणि इरावती मॅडमना फोन लावला.

मॅडम म्हणाल्या, "भरलेत तर खातं बंद दिसेल. पण बंद झालं आज, असं दिसेल. मागचे नऊ लाल महिने तसेच राहतील, कारण पैसे भरून तुम्ही मान्य केलंत की ते थकीत होते. आणि त्यांनी 'सेटल' असा शेरा मारला तर त्याहून वाईट. त्याचा अर्थ, हिने पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली. मंजुरी मिळणार नाही. मला चौदा एप्रिलला बंद झालेलं खातं हवंय, थकबाकी शून्य."

मी त्या मधाळ बाईला कळवलं, एक पैसा भरणार नाही. चूक तुमची, दुरुस्त तुम्ही करा. जमणार नसेल तर तसं लेखी द्या. तिने लेखीही दिलं नाही आणि दुरुस्तही केलं नाही. फोनच बंद झाले.

या सगळ्यात मी आबांकडे बघायला विसरले.

ते गप्प झाले होते. संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसायचे, ते आत बसायला लागले. एकदा जेवताना म्हणाले, "म्याच बोललो ना चौदालाच भर म्हनून."

"आबा, तुमची काय चूक? चौदा म्हणजे चौदा. त्यांनीच पत्र दिलंय."

"तेराला भरलं असतं तर ह्ये झालंच नसतं."

मी चिडले. आबांवर नाही, त्यांच्या तोंडून हे निघालं म्हणून चिडले. आयुष्यभर ज्या माणसाने त्या तारखेला मान ताठ करून चालायला शिकवलं, तो माझ्यासमोर ताटात बघत बोलत होता. त्या दिवसापासून माझ्यासाठी ही गोष्ट गाळ्यापुरती राहिली नाही. पण गाळाही हातचा जायला नको होता, आणि मार्च जवळ येत होता.

फेब्रुवारीच्या मध्यात एका सकाळी मी गाळ्यावर कपड्यांची मोजदाद करत होते. आमच्या शालूबाई पाण्याला जाता जाता म्हणाल्या, "आबा कुटं निगालेत आज? धुतलेली टोपी, खिशात पाकीट. म्हनले, तळेगावला जातो, रेणूचं काम मिटवून येतो."

माझ्या हातातल्या चादरी तिथेच पडल्या. आबा सहकर्जदार! त्यांची सही कंपनीला चालते. त्यांनी पैसे भरून एखाद्या कागदावर सही केली की माझं सगळं बोलणं पाण्यात.

टेम्पोत इंदुरीच्या एका हॉटेलाचे धुतलेले कपडे भरलेले होते, तशीच निघाले. जुन्या हायवेने तळेगाव गाठेपर्यंत आबांना सात फोन केले. आबा बाहेर जाताना फोन घरी ठेवून जातात. म्हणे हरवतो.

कंपनीच्या शाखेत शिरले तर आबा टेबलापुढे बसलेले. समोर एक छापील कागद, हातात उघडं पेन. टेबलावर पाचशेच्या चार नोटा. पलीकडे शाखेचे मॅनेजर धवल. साधारण तिशीचे, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर सकाळीच थकवा.

"आबा! सही करू नका!"

आबांनी मान वर केली. "ये. बस. म्या सही केली न्हाई अजून. वाचतोय."

"वाचायचं काही नाही त्यात, बाबा," धवल म्हणाले. "नेहमीचा फॉर्म आहे. सही करा, पैसे भरा, खातं सेटल होईल."

"आमच्या खात्यात वाचल्याबिगर सही करत न्हाईत," आबा म्हणाले. त्यांचं खातं म्हणजे रेल्वे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय? 'पंधरा एप्रिल रोजी विलंबाने भरणा केल्यामुळे'. ह्ये खोटं हाय."

"बाबा, ते सिस्टीममधून येतं."

"मंग सिस्टीम खोटं बोलतीय."

धवल वैतागले. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "मॅडम, खरं सांगू? चौदा एप्रिललाच भरायची काय गरज होती? आदल्या दिवशी भरायचे. त्या दिवशी सुट्टी असते, माहीत नाही का तुम्हाला?"

शाखेत अजून दोन-तीन माणसं होती. माझा आवाज कसा निघाला, मलाच कळलं नाही.

"आम्हाला माहीत नाही? साहेब, ती सुट्टी कुणामुळे मिळते तुम्हाला? आमच्या बाबासाहेबांमुळे तुम्ही घरी झोपलात, आणि त्या झोपेचं व्याज आमच्याकडून मागताय?"

धवलांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नसावा. बोलून गेला आणि लगेच त्याला कळलं. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. बस, असं.

मग आबांनी पेनाला टोपण लावलं आणि कुणाशी भांडत नाही अशा आवाजात विचारलं, "साहेब, मला एक सांगा. पैसं तुमच्याकडं कवा आलं?"

"पंधराला. सांगितलं ना."

"ते तुमी लिवलं कवा, ते सांगताय. म्या इचारतोय, आलं कवा? म्या चौतीस वर्सं फाटकावर व्हतो. गाडी यायची येळ येगळी, वहीत लिवायची येळ येगळी. पन लिवताना गाडीचीच येळ लिवायची, आपल्या सवडीची न्हाई. फाटक बंद केलं की टेशनमास्तरला नंबर द्यायचा, पराव्हेट नंबर. तोच त्याच्या वहीत, तोच माज्या वहीत. दोन वह्या जुळल्या की गाडी सुटनार. तुमचा असा नंबर असंल की."

माझ्याकडे तो होता! बँकेच्या उताऱ्यावर त्या पैशांचा लांबलचक यूटीआर नंबर छापलेला होता. मी पर्समधून उतारा काढून टेबलावर ठेवला. आबांनी एकेक आकडा बोटाने दाखवत वाचला. धवलांनी तो संगणकात टाकला.

आणि मग ते पडद्याजवळ वाकले.

"काय लिवलंय?" आबांनी विचारलं.

धवलांनी क्षणभर विचार केला आणि पडदा आमच्याकडे वळवला. माझ्या खात्याचा पूर्ण उतारा होता. शेवटच्या भरण्यापुढे तोच नंबर आणि त्याच्यापुढे दोन तारखा. पैसे जमा झाल्याची, चौदा एप्रिल. खात्यात नोंद केल्याची, पंधरा एप्रिल. व्याज दुसऱ्या तारखेने लावलेलं.

"म्हंजी गाडी आली चौदाला," आबा म्हणाले, "आन तुमी लिवली पंधराला."

"सुट्टीमुळे नोंद दुसऱ्या दिवशी होते बाबा. पण व्याज..." धवल थांबले. "व्याज पहिल्या तारखेलाच थांबायला हवं होतं."

"आमच्यात आसं लिवलं असतं ना साहेब, तर नोकरी गेली असती."

धवलांनी प्रिंट काढली, सही केली, शिक्का मारला. "कर्जदाराला खात्याचा उतारा मागायचा हक्क आहे, म्हणून देतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी इथून काही बदलू शकत नाही. दुरुस्ती मुख्य कार्यालयातूनच होते. हा कागद तिथल्या, तक्रारी बघणाऱ्या प्रमुख नोडल अधिकाऱ्याला पाठवा. पत्ता पाठीमागे लिहून देतो. आणि मॅडम... ते मघाचं. सॉरी."

मी सॉरी स्वीकारलं, पण हसले नाही. एवढं लगेच हसायचं नसतं.

आबांनी चारही नोटा मोजून खिशात ठेवल्या. बाहेर आल्यावर टेम्पोत चढताना म्हणाले, "म्या मिटवायलाच आलो व्हतो गं. पन ती वळ वाचली आन हातच हालंना."

"बरं झालं हलला नाही," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाच आरसा नीट करत बसले. मग आम्ही इंदुरीला कपडे टाकून घरी आलो. हॉटेलवाला उशिराबद्दल ओरडला. म्हटलं, ओरड बाबा, आज तुझी पाळी.

सोळा फेब्रुवारीला नोडल अधिकाऱ्याला पत्र गेलं, शिक्का मारलेल्या उताऱ्यासकट. पत्र मीच लिहिलं, कुणाच्या हातापाया पडल्याचा एक शब्द न घालता. 'खाते १४ एप्रिलला बंद झाले अशी दुरुस्ती करावी, थकबाकी शून्य दाखवावी, मे महिन्यापासूनचे विलंबाचे शेरे काढावेत, आणि हे सर्व क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या चारही कंपन्यांना कळवावे. पहिल्या तक्रारीला तीस दिवस उलटून गेले आहेत, त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये नियमाप्रमाणे द्यावेत.' हा नियम इरावती मॅडमनी सांगितला होता. त्या इतकं हळू बोलतात, की कुणाला वाटणार नाही ही बाई असलं काही शिकवत असेल.

उत्तर आलं नाही. फेब्रुवारी संपला. काकांकडे तो पार्किंगवाला दोनदा येऊन गेला, एकदा तर मोजमापाची टेप घेऊन. माझ्या वाळवणाच्या दोऱ्यांखालून वाकून वाकून मापं घेत होता. आमच्या हिराने ओली चादर बरोबर त्याच्या डोक्यावर झटकली. मी तिला रागावले नाही.

कंपनीला लेखी तक्रार करून सहा मार्चला तीस दिवस झाले. सात तारखेला सकाळी मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. सगळे कागद जोडले. फॉर्म भरताना आबा शेजारी बसले होते. प्रत्येक तारीख मी टाकायची, त्यांनी कागदावर ताडून बघायची आणि 'बरोबर' म्हणायचं. मग पुढची.

सोळा मार्चला तिचा फोन आला. मधाळ बाई. पण मध पातळ झाला होता.

"मॅडम, तुम्ही लोकपालांकडे गेलात. आम्हाला एकदा सांगायचं तरी."

"तुम्हाला पत्र लिहिलं, मेल केला, शाखेत येऊन सांगितलं. आता काय दवंडी पिटायची होती?"

"चूक आमच्याकडून झालीय. दुरुस्ती वीस तारखेपर्यंत पाठवतो. तुम्ही तक्रार मागे घ्याल ना?"

"आधी दुरुस्ती. माझ्या डोळ्यांनी रिपोर्ट बघेन, मग बोलू."

वीसला पत्र आलं, बरोबर तो 'थकबाकी नाही' दाखला, अकरा महिने उशिरा. खात्यात तीन हजार सहाशे रुपये जमा झाले. छत्तीस दिवसांचे, दिवसाला शंभर. मी पैशांकडे बघितलंही नाही. रोज रिपोर्ट उघडून बघत होते. एकवीस, तेच. बावीस, तेच. चोवीसला इरावती मॅडमचा फोन आला आणि त्या पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलल्या. "रेणुकाताई, मी आत्ता नवा रिपोर्ट काढलाय. तुम्ही पेढे आणा."

मंजुरीपत्र तीस मार्चला हातात आलं. त्याच संध्याकाळी ते काकांच्या पुढ्यात ठेवलं. काकांनी चष्मा लावला, कागद वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "एक दिवस आधी," ते म्हणाले. "शाबास." शिक्षक तो शिक्षकच. मी त्या शाबासकीने लहान मुलीसारखी फुगले.

घरी येऊन मी आबांना नवा रिपोर्ट दाखवला. मुद्दाम कागदावर छापून आणला होता. लाल घरं गेली होती. आबांनी ओट्यावर बसून, हो, बाहेर ओट्यावर बसून, चष्मा पुसला आणि त्या खात्याची ओळ बोटाने वाचत गेले. थकबाकी शून्य. खातं बंद. बंद झाल्याची तारीख चौदा एप्रिल.

तिथे त्यांचं बोट थांबलं.

"येळ लिवली न्हाई?" त्यांनी विचारलं. "साडेअकरा."

"नाही आबा, यात फक्त तारीख असते."

"चालंल," ते म्हणाले. "तारीख बरोबर हाय."

मग कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "गाळ्याची सही चौदा एप्रिलला ठिवू."

मी कपाळावर हात मारला. "आबा, त्या दिवशी रजिस्टर ऑफिस बंद असतं!"

"मंग पंधराला सही," आबा म्हणाले. "पन चावी काकांकडून चौदालाच घ्यायची. आपल्याला काय कुनाची भीती हाय?"

त्या तीन हजार सहाशेची आम्ही बुंदी केली. टाकव्याच्या मिरवणुकीत, चौदा एप्रिलला, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना वाटली. एक पुडा बांधून मी तळेगावच्या शाखेत पाठवायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी शाखा बंद होती, म्हणून पंधराला पाठवला.